डायरेक्ट बँड गॅप म्हणजे गुणपत्रक नव्हे

थिन फिल्म सौर घटासाठी शोषक पदार्थ कोणता घ्यावा, यावर जळगाव-धुळ्याकडच्या विज्ञान महाविद्यालयांत वाद निघतो तेव्हा तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. एक बाजू म्हणते, सिलिकॉनचा बँड गॅप इनडायरेक्ट आहे, म्हणून प्रकाश शोषण्यात तो मुळातच कमी पडतो. डायरेक्ट बँड गॅपचा पदार्थ घ्या, दोन मायक्रॉनचा थर द्या, झाले काम. दुसरी बाजू म्हणते, बाजार सिलिकॉनने केव्हाच जिंकला, आता या चर्चेला अर्थ नाही. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. बँड गॅप डायरेक्ट आहे की इनडायरेक्ट, यावरून थर साधारण किती जाड लागेल याचा अंदाज येतो. त्या पदार्थाचा घट चांगला होईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. तरीही एम.एस्सी.च्या प्रकल्पापासून पीएच.डी.च्या आराखड्यापर्यंत पदार्थाची निवड या एका शिक्क्यावर होते आणि मुलांची उमेदीची वर्षे त्यात जातात. म्हणून हा वाद नीट घालायला हवा.

आधी शिक्क्याचा अर्थ. इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे बँड गॅप. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, इलेक्ट्रॉनला ऊर्जा भरपूर देतो, पण संवेग जवळजवळ देतच नाही. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनच्या संवेगाची जी पल्ला-मर्यादा असते तिच्यापेक्षा दृश्य प्रकाशाचा संवेग शेकडो पटींनी लहान असतो. कॅडमियम टेल्युराइड किंवा गॅलियम आर्सेनाइडमध्ये खालच्या पट्ट्याचे शिखर आणि वरच्या पट्ट्याचा तळ एकाच संवेगापाशी असतात, त्यामुळे फोटॉन आला की इलेक्ट्रॉन सरळ वर जातो. सिलिकॉनमध्ये ते शिखर आणि तो तळ वेगवेगळ्या संवेगांपाशी आहेत. फरक भरून काढायला जाळीचे कंपन, म्हणजे फोनॉन, त्याच क्षणी मदतीला यावे लागते. तीन जणांनी एकाच वेळी भेटण्याची शक्यता दोघांच्या भेटीपेक्षा कमी, म्हणून शोषण क्षीण. इथवर कुणाचाच वाद नाही.

पहिल्या बाजूचे सर्वात बळकट म्हणणे याच्यापुढे सुरू होते, आणि ते मान्यच करायला हवे. ८०० नॅनोमीटरचा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडचा प्रकाश घ्या. सिलिकॉनमध्ये त्याची तीव्रता सुमारे एक-तृतीयांशावर यायला जवळपास १२ मायक्रॉन लागतात. १००० नॅनोमीटरला हेच अंतर दीडशे मायक्रॉनच्या वर जाते. कॅडमियम टेल्युराइडला ८०० नॅनोमीटरसाठी एक मायक्रॉनही लागत नाही. म्हणजे दोन मायक्रॉनचा थर दिला, तर एका फेरीत सिलिकॉन या प्रकाशाचा जेमतेम १६ टक्के भाग शोषेल आणि कॅडमियम टेल्युराइड ९० टक्क्यांहून जास्त. याला जोडून आणखी एक मुद्दा येतो, तो खरा वजनदार आहे. प्रकाश वरच्या मायक्रॉनभरातच शोषला गेला, तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला जंक्शनपर्यंत, म्हणजे प्रवाह गोळा करणाऱ्या सांध्यापर्यंत, जायला अंतरही तेवढेच उरते. अंतर कमी, म्हणून वाटेत हरवण्याची भीती कमी, म्हणून पदार्थ फार शुद्ध नसला तरी चालावे. काचेवर बाष्पाने बसवलेला, लाखो दाण्यांचा, सीमारेषांनी भरलेला थर घट म्हणून चालतो तो याच कारणाने. हे खोटे कोण म्हणेल?

पण मग एक साधा प्रश्न. शोषण हीच अडचण असती, तर सिलिकॉनच घेऊन त्याचा तो संवेगाचा नियम ढिला केला की घट सुधारायला हवा होता. हा प्रयोग प्रत्यक्षात झाला आहे. अमॉर्फस सिलिकॉनमध्ये अणू तेच, पण त्यांची लांब पल्ल्याची शिस्त नाही. जाळीच नियमित नाही, तर संवेग जपण्याचे बंधनही उरत नाही. दृश्य प्रकाशाचे शोषण एकदम वाढते आणि मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा थर पुरतो. १९७६ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्लसन आणि व्रॉन्स्की यांनी असा पहिला घट जाहीर केला, तेव्हा स्वस्त वीज आलीच असे अनेकांना वाटले. दुसऱ्याच वर्षी स्टेबलर आणि व्रॉन्स्की यांना दिसले की उजेडात ठेवले की या पदार्थाचे गुण घसरतात. उजेडाने त्यात तुटके बंध वाढतात आणि ते इलेक्ट्रॉन गिळतात. पुढे चाळीस वर्षे खपूनही एका जंक्शनचा स्थिरावलेला घट १० टक्क्यांच्या आसपासच राहिला. कॅल्क्युलेटरवरच्या त्या काळपट पट्टीत तो घराघरांत पोचला, शेतात मात्र टिकला नाही. ज्या सिलिकॉनला आपण शोषणात अधू म्हणतो त्याचे शोषण कितीतरी पटींनी वाढवले, आणि कार्यक्षमता स्फटिक सिलिकॉनच्या निम्म्याहूनही खाली गेली. शिक्क्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी या उदाहरणाचे उत्तर द्यायला हवे.

उलट बाजूने स्फटिक सिलिकॉनने काय केले, तेही बघा. आजची वेफर साधारण दीडशे मायक्रॉनची. पृष्ठभागावर रसायनाने सूक्ष्म पिरॅमिड कोरतात, मागून प्रकाश परतवतात, म्हणजे किरण तिरपा होऊन आतल्या आत पुन्हा पुन्हा फिरतो. १९८२ साली याब्लोनोविच यांनी दाखवले की प्रकाशाची दिशा पूर्ण विस्कटली तर क्षीण प्रकाशाचा आतला प्रवास 4n² पटींपर्यंत वाढू शकतो, आणि सिलिकॉनचा अपवर्तनांक साडेतीन धरला तर ही जवळपास पन्नास पट होते. शोषणातली उणीव अशी भूमितीने भरून काढता येते. सुटलेल्या इलेक्ट्रॉनचे आयुष्य मात्र भूमितीने वाढत नाही. चांगल्या सिलिकॉनमध्ये ते मिलिसेकंदाच्या घरात असते, आणि तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन मिलिमीटरभर भटकू शकतो, म्हणजे वेफरच्या जाडीच्या सात-आठ पट किंवा त्याहून जास्त. थर किती जाड लागतो आणि इलेक्ट्रॉन किती दूर जाऊ शकतो, या दोन लांब्यांची तुलना हाच निवडीचा पहिला प्रश्न आहे. शिक्का यातल्या एकाच लांबीबद्दल बोलतो.

आता हे एका उदाहरणात नीट मांडतो, कारण आकडे समोर ठेवले की वाद आपोआप सरळ होतो. तीन घट घ्या, तिघांचाही बँड गॅप जवळपास सारखा. पहिला सिलिकॉनचा, १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, इनडायरेक्ट. २०२२ साली त्याने २६.८ टक्के कार्यक्षमता दिली. दुसरा सीआयजीएस कुळातला, म्हणजे तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचा, सुमारे १.०८, डायरेक्ट, २०१९ साली २३.३५ टक्के. तिसरा सीझेडटीएस कुळातला, तांबे, जस्त, कथील, गंधक आणि सेलेनियम यांचा, १.१३, हाही डायरेक्ट; २०१३ साली आयबीएमच्या गटाने १२.६ टक्के गाठले. या तिसऱ्या पदार्थावर आपल्याकडे अतोनात प्रेम, कारण यातले सगळे घटक स्वस्त आणि पोस्टरवरचे वाक्य ठरलेले: डायरेक्ट बँड गॅप, उच्च शोषण, विपुल मूलद्रव्ये. मग सीआयजीएसच्या निम्म्याच कार्यक्षमतेवर तो का अडकला?

कार्यक्षमता तीन आकड्यांच्या गुणाकारातून येते: प्रवाह, उघड्या सर्किटचे व्होल्टेज आणि फिल फॅक्टर, म्हणजे या दोघांच्या गुणाकारातला प्रत्यक्ष हाती येणारा हिस्सा. प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला मिलिअँपिअरमध्ये, सिलिकॉनचा ४१.५, सीआयजीएसचा ३९.६, सीझेडटीएसचा ३५.२. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये अनुक्रमे ७५१, ७३४ आणि ५१३. फिल फॅक्टर ८६, ८०.४ आणि ६९.८ टक्के. प्रकाश शोषण्याचे काम पहिल्या आकड्यात दिसते, आणि तिथे सीझेडटीएस सीआयजीएसच्या फक्त ११ टक्के मागे आहे. आता कागदावर एक प्रयोग करा. सीझेडटीएसला सीआयजीएसचा प्रवाह उधार द्या, बाकीचे दोन आकडे त्याचे त्याच्याकडेच ठेवा: कार्यक्षमता १२.६ वरून १४.२ होते. आता उलट करा. प्रवाह त्याचा त्यालाच ठेवा, व्होल्टेज आणि फिल फॅक्टर सीआयजीएसचे द्या: ती २०.८ होते. म्हणजे नुकसान मुख्यतः व्होल्टेज आणि फिल फॅक्टरमध्ये आहे, शोषणात नाही. (तिन्ही घटांचे आकारमान सारखे नव्हते, सीझेडटीएसचा घट अर्ध्या चौरस सेंटिमीटरहूनही लहान होता, मोठा केला असता तर तो आणखी खाली गेला असता, वर नव्हे.) आणि या तिघांत सर्वात जास्त व्होल्टेज आहे इनडायरेक्ट सिलिकॉनचे.

हे व्होल्टेज जाते कुठे? तांब्याचा आणि जस्ताचा आयन आकाराने जवळपास सारखे. त्यामुळे तांब्याच्या जागी जस्त आणि जस्ताच्या जागी तांबे बसायला फारशी ऊर्जा लागत नाही, आणि थर बनवताना हे हटकून होते. अशा अदलाबदलीने पदार्थात ठिकठिकाणी विद्युत विभवाचे खड्डे पडतात आणि बँड गॅपच्या काठाला शेपूट फुटते, म्हणजे काठाच्या आतही पातळ्या पसरतात. त्याहून वाईट दोष कथिलाशी जोडलेले आहेत. ते गॅपच्या मध्याजवळ पातळ्या तयार करतात आणि इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांची तिथेच गाठ पडून ऊर्जा उष्णतेत जाते. परिणामी सुटलेल्या इलेक्ट्रॉनचे आयुष्य जेमतेम काही नॅनोसेकंद, पल्ला मायक्रॉनच्या आत, आणि थर दोन मायक्रॉनचा. पहिल्या बाजूचा तो वजनदार मुद्दा, म्हणजे पातळ थरात पदार्थ फार चांगला नसला तरी चालते, इथे येऊन मोडतो. चालते, पण एका मर्यादेपर्यंतच. आणि ती मर्यादा शोषणावरून नव्हे, दोषांच्या संख्येवरून ठरते. २०१३ नंतर जवळपास आठ वर्षे हा विक्रम हलला नाही. आता तो १५ टक्क्यांच्या आसपास आला आहे, तो याच अदलाबदलीला आळा घालण्याच्या कामातून. बँड गॅप आधीही डायरेक्ट होता, आताही तोच आहे.

यावर नेहमी एक उत्तर येते: पण जे थिन फिल्म यशस्वी झाले, ते कॅडमियम टेल्युराइड, सीआयजीएस, पेरोव्स्काइट, सगळे डायरेक्टच आहेत ना? आहेत. पण जिंकलेले मोजताना हरलेलेही मोजायला हवेत, आणि हरलेल्यांतही डायरेक्ट भरपूर आहेत. शिवाय जिंकलेला कॅडमियम टेल्युराइड कसा जिंकला, ते बघा. नुसता थर बसवून घट केला तर कार्यक्षमता अगदीच कमी मिळते. तोच थर कॅडमियम क्लोराइडच्या सान्निध्यात ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की दाणे मोठे होतात, सीमारेषांवर क्लोरीन जाऊन बसतो, दोष निष्प्रभ होतात आणि कार्यक्षमता कितीतरी पट होते. तापवण्याआधी आणि नंतर बँड गॅप डायरेक्टच, जाडी तीच, शोषणही जवळपास तेच. बदलले ते इलेक्ट्रॉनचे आयुष्य. या पदार्थाचे यश खरे तर त्या भट्टीचे यश आहे, आणि ते आपल्या प्रकल्प अहवालांत एका ओळीत उरकले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

हरलेल्यांतला पायराइट तर शिक्क्याची दुसरी बाजूही उघडी पाडतो. लोह आणि गंधक यांचा हा पदार्थ. गॅप सुमारे ०.९५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, कागदावर इनडायरेक्ट. तरी त्याचे शोषण इतके तीव्र की दृश्य प्रकाशाला मायक्रॉनचा दहावा हिस्सा पुरतो, कारण इनडायरेक्ट काठाच्या थोडे वर लगेच तीव्र शोषणाची वाट खुली होते. जर्मेनियमचेही तसेच: ०.६६ ला इनडायरेक्ट, ०.८० ला डायरेक्ट, मधले अंतर एवढेसे. सिलिकॉनमध्ये मात्र डायरेक्ट वाट ३.४ पर्यंत उघडत नाही. तेव्हा सगळ्या इनडायरेक्ट पदार्थांना एकाच रांगेत बसवणेही चूकच. पायराइटला २००९ साली बर्कलीच्या संशोधकांनी उपलब्धता आणि कच्च्या मालाची किंमत या कसोटीवर पहिल्या क्रमांकावर ठेवले. घट मात्र तीन टक्क्यांच्या पुढे गेला नाही, आणि व्होल्टेज ०.२ व्होल्टच्या आसपास अडले. पृष्ठभाग आणि गंधकाच्या उणिवा त्याला नडल्या. शोषण उत्तम, माल फुकटात, आणि तरी घट नाही.

मला आणखी खटकते ते हे की पुष्कळदा तो शिक्काही नीट मोजलेला नसतो. आपल्याकडे केमिकल बाथने काचपट्टीवर कथील सल्फाइडचा तपकिरी थर चढवतात, ३०० नॅनोमीटर वगैरे. स्पेक्ट्रोमीटरवर पारेषण मोजतात, α हा शोषणांक आणि hν ही फोटॉनची ऊर्जा धरून (αhν)² हे hν समोर मांडतात, सरळ दिसणाऱ्या भागावर पट्टी ठेवतात, आडव्या अक्षावर १.३ मिळते आणि लिहितात: डायरेक्ट. त्याच आकड्यांची (αhν)^(1/2) ही मांडणी केली तर तीही कुठेतरी सरळ दिसते आणि उत्तर १.१ च्या आसपास येते. दोन्ही आकडे त्या पदार्थाचेच आहेत: मूळ गॅप इनडायरेक्ट आणि थोडा वर डायरेक्ट. पण पातळ थरात इनडायरेक्ट काठ दिसणारच कसा? काठाजवळ शोषणांक दर सेंटिमीटरला १०० धरला, तर ३०० नॅनोमीटरमध्ये प्रकाशाचा फक्त ०.३ टक्के भाग शोषला जातो. काचेवरचे परावर्तन आणि खडबडीत पृष्ठभागावरचे विखुरणे याहून जास्त चूक घडवतात. म्हणजे थर पातळ असला की ही पद्धत जवळजवळ कोणत्याही पदार्थाला डायरेक्ट ठरवते. क्षीण शोषण बघायचे तर जाड स्फटिक हवा, फोटोथर्मल डिफ्लेक्शनसारखी पद्धत हवी, नाहीतर तयार घटाच्या क्वांटम एफिशियन्सीचा काठ बघावा. कथील सल्फाइडचा घट २०१४ साली ४.३६ टक्क्यांवर प्रमाणित झाला. त्याला अडवणारी गोष्ट १.३ की १.१ ही नव्हती.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, बाजार संपला म्हणणाऱ्यांकडे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, शेतांत पंपावरचे पॅनेल आले, आणि आज बहुतेक ठिकाणी सिलिकॉनच दिसतो, हे खरे. पण २०२४ च्या जानेवारीत तमिळनाडूत कॅडमियम टेल्युराइडच्या पॅनेलचा ३.३ गिगावॅटचा कारखाना सुरू झाला, तो कुणी हौसेने काढलेला नाही. आणि सिलिकॉन स्वतःच्या २९ टक्क्यांच्या सैद्धांतिक मर्यादेजवळ आल्यावर त्याच्या डोक्यावर १.७ च्या आसपासच्या गॅपचा पेरोव्स्काइट थर चढवून ३४ टक्क्यांच्या पुढे गेलेले घट प्रयोगशाळांत आहेत. त्या जागेसाठी पातळ थरच लागतो, दुसरा पर्याय नाही. निवडीचा प्रश्न म्हणून जिवंत आहे.

खान्देशात या प्रश्नाला उन्हाचा फाटा फुटतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेल ७० च्या वर जाते, आणि मग कुणीतरी म्हणतो, डायरेक्ट पदार्थ उष्णतेत चांगले. प्रमाण चाचणी २५ अंशांवर होते. ७० अंशांवर, म्हणजे ४५ अंश वर, दर अंशाला ०.३५ टक्के गमावणारे नेहमीचे सिलिकॉन जवळपास १६ टक्के गमावते, ०.३२ चे कॅडमियम टेल्युराइड १४ टक्क्यांहून थोडे जास्त; आणि ०.२६ चे, स्फटिकावर अमॉर्फस सिलिकॉनचा थर दिलेले हेटरोजंक्शन सिलिकॉन १२ टक्क्यांहूनही कमी. या तिघांत सर्वात कमी नुकसान इनडायरेक्टचेच. कारण तापमानाचा फटका ठरतो तो गॅपच्या मानाने घटाने किती व्होल्टेज राखले यावर. वर तिसऱ्या घटाला नडलेली गोष्ट इथे भर उन्हात पुन्हा नडते.

तेव्हा शोषक पदार्थ निवडणाऱ्या विद्यार्थ्याकडून मी गॅपच्या प्रकाराआधी दोन मोजमापे मागेन. पहिले फोटोल्युमिनेसन्स: लेसर टाकल्यावर थर उजळतो का, आणि त्याचे शिखर शोषणाच्या काठापाशी आहे की ०.१ - ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली. खाली असेल तर शेपूट किंवा दोष आलेच. दुसरे, साधा घट करून वेगवेगळ्या तापमानांना त्याचे व्होल्टेज मोजायचे आणि ती रेघ शून्य केल्विनपर्यंत वाढवायची. ती गॅपच्या आकड्याला भिडली तर नुकसान थराच्या आत आहे. बरीच खाली आली तर ते बहुधा वरच्या थराशी असलेल्या सांध्यात आहे, आणि मग शोषक बदलून काही होणार नाही, सांधा बदलावा लागेल. यासाठी महागडे क्रायोस्टॅट नसले तरी अडत नाही. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तालुक्यातालुक्यांत द्रव नायट्रोजनची टाकी येते. दोन लिटरच्या थर्मासमध्ये तो आणला, तांब्याच्या ठोकळ्यावर घट बसवला, शेजारी थर्मोकपल लावला, काचेवर दव धरू नये म्हणून भोवती कोरडा नायट्रोजन खेळता ठेवला आणि वरून एलईडीचा उजेड स्थिर ठेवला, तर एका दुपारी ही रेघ हातात येते.